ॲड्रीनल कॉर्टेक्सचे तीन थर आणि त्यांची हॉर्मोन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉर्टेक्समध्ये थर किती आणि कोणत्या थरात काय तयार होतं?

थर तीन. बाहेरून आत येताना पहिला झोना ग्लोमेरुलोसा, मग झोना फॅसिक्युलाटा आणि सगळ्यात आत, मेड्युलाला लागून, झोना रेटिक्युलॅरिस. ग्लोमेरुलोसा अल्डोस्टेरॉन बनवतो. फॅसिक्युलाटाचं मुख्य हॉर्मोन कॉर्टिसॉल. रेटिक्युलॅरिसमधून डीएचईए आणि त्याचं सल्फेट, म्हणजे डीएचईए-एस, ही सौम्य अँड्रोजन्स येतात.

जाडीचा हिशोब साधारण असा: ग्लोमेरुलोसा १५ टक्के, फॅसिक्युलाटा ७५ टक्के आणि उरलेला रेटिक्युलॅरिस. हे आकडे व्यक्तीनुसार आणि वयानुसार बदलतात. फॅसिक्युलाटा सगळ्यात जाड असतो, एवढं मात्र पक्कं.

स्लाइडवर थर ओळखायचे कसे?

सुरुवात कॅप्सूलपासून करा, मेड्युलाकडून नको. कॅप्सूलच्या लगेच खाली पेशींचे गोल किंवा कमानदार पुंजके दिसले की तो ग्लोमेरुलोसा. माणसात हा थर सलग नसतो. काही ठिकाणी तो इतका पातळ होतो की फॅसिक्युलाटा थेट कॅप्सूलला भिडलेला दिसतो. तुमच्या स्लाइडवर एखाद्या भागात पुंजके सापडले नाहीत, तर स्लाइड खराब आहे असं समजू नका. थोडं बाजूला सरकवून पाहा.

त्याखाली पेशींच्या सरळ उभ्या रांगा आणि मधून जाणाऱ्या सायनुसॉइड्स दिसतात. हा फॅसिक्युलाटा. त्याच्या पेशी फिकट आणि फेसाळ दिसतात, कारण त्यांत कोलेस्टेरॉल एस्टरचे थेंब ठासून भरलेले असतात आणि स्लाइड बनवताना वापरलेल्या द्रावकांत ही चरबी विरघळून जाते. उरतात त्या फक्त मोकळ्या जागा. आणखी आत गेल्यावर रांगा मोडतात, जाळं दिसू लागतं, पेशी लहान व गडद होतात आणि काहींत तपकिरी लिपोफ्युसिन दिसतं. तो रेटिक्युलॅरिस.

कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. मग तीन थरांत तीन वेगळी हॉर्मोन्स का?

कारण प्रत्येक थरात एंझाइम्सचा संच वेगळा असतो. या विषयातलं बाकी जवळजवळ सगळं याच एका गोष्टीतून निघतं, म्हणून इथे घाई करू नका.

पहिली पायरी तिन्ही थरांत सारखी. स्टार नावाचं प्रथिन कोलेस्टेरॉलला माइटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत पोहोचवतं. तिथे साइड-चेन क्लीव्हेज एंझाइम २७ कार्बनच्या कोलेस्टेरॉलचे ६ कार्बन तोडतं आणि २१ कार्बनचं प्रेग्नेनोलोन तयार होतं. इथून पुढे वाटा फुटतात.

ग्लोमेरुलोसात १७-हायड्रॉक्सिलेज जवळजवळ नसतंच. १७व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसल्याशिवाय कॉर्टिसॉल बनत नाही आणि अँड्रोजनही नाही, म्हणून त्या दोन्ही वाटा इथे बंद. प्रेग्नेनोलोनचं प्रोजेस्टेरॉन होतं, २१-हायड्रॉक्सिलेज त्याचं डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन करतं, आणि मग अल्डोस्टेरॉन सिंथेज हे फक्त याच थरात असलेलं एंझाइम कॉर्टिकोस्टेरॉनमार्गे अल्डोस्टेरॉनपर्यंत नेऊन सोडतं.

फॅसिक्युलाटात १७-हायड्रॉक्सिलेज भरपूर. त्यामुळे इथे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन तयार होतं, त्यावर २१-हायड्रॉक्सिलेज काम करून ११-डीऑक्सिकॉर्टिसॉल देतं आणि शेवटी ११-बीटा-हायड्रॉक्सिलेजमुळे कॉर्टिसॉल मिळतं. अल्डोस्टेरॉन सिंथेज या थरात नाही, म्हणून अल्डोस्टेरॉनही नाही.

रेटिक्युलॅरिसमध्ये १७-हायड्रॉक्सिलेज आहेच, पण त्याच प्रथिनाचं दुसरं काम, १७,२०-लायेज, इथे जोरात चालतं. कारण या थरात सायटोक्रोम बी५ जास्त असतं आणि ते लायेजला मदत करतं. शिवाय इथे ३-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डीहायड्रोजिनेज कमी असतं, त्यामुळे माल प्रोजेस्टेरॉनच्या बाजूला फारसा वळत नाही. १७-हायड्रॉक्सिप्रेग्नेनोलोनचे २ कार्बन तुटतात, १९ कार्बनचं डीएचईए मिळतं आणि सल्फोट्रान्सफरेज त्यातल्या बहुतेकाला सल्फेट जोडतं.

ही आकृती परीक्षेत गोंधळ न होता काढायची कशी?

कागदावर तीन उभे स्तंभ आखा. वर सगळ्यांसाठी एकच ओळ: कोलेस्टेरॉल ते प्रेग्नेनोलोन. डाव्या स्तंभात अल्डोस्टेरॉनची वाट, मधल्यात कॉर्टिसॉलची, उजवीकडे डीएचईएची. आता आडवे आणि उभे बाण वेगळे ठेवा. १७-हायड्रॉक्सिलेज आणि लायेज आडवे, म्हणजे डावीकडून उजवीकडे नेणारे. ३-बीटा, २१ आणि ११ हे उभे, वरून खाली नेणारे, आणि त्यांचा क्रमही हाच.

या मांडणीचा फायदा एंझाइम बिघडल्याचा प्रश्न आला की कळतो. उभं एंझाइम बंद पडलं की त्याच्या वरचा माल साचतो आणि आडव्या बाणांनी उजवीकडे वाहतो. आडवं १७-हायड्रॉक्सिलेज बंद पडलं की सगळा माल डाव्या स्तंभात कोंडतो. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. आकृती एका कागदावर असली तरी सगळी एंझाइम्स एका पेशीत नसतात. साचलेला माल ग्लोमेरुलोसाच्या पेशीतून उडी मारून रेटिक्युलॅरिसमध्ये जात नाही. तो मुख्यतः फॅसिक्युलाटा आणि रेटिक्युलॅरिसमध्येच तयार होतो आणि तिथेच वळतो.

एसीटीएच तिन्ही थरांना चालवतं का?

फॅसिक्युलाटा आणि रेटिक्युलॅरिस एसीटीएचवर अवलंबून असतात. ते मिळेनासं झालं की हे दोन थर काही आठवड्यांत आकसू लागतात. ग्लोमेरुलोसाचे मुख्य नियंत्रक मात्र अँजिओटेन्सिन-२ आणि रक्तातलं पोटॅशियम. एसीटीएचने अल्डोस्टेरॉन थोडा वेळ वाढतं, पण रोजचा कारभार त्याच्या हातात नाही.

पोटॅशियमचा परिणाम थेट आहे. ते वाढलं की ग्लोमेरुलोसाच्या पेशीचा पडदा डीपोलराइज होतो, कॅल्शियम आत येतं आणि अल्डोस्टेरॉनचं उत्पादन वाढतं. त्यासाठी रेनिनची गरज लागत नाही.

दुसरा महत्त्वाचा भाग निगेटिव्ह फीडबॅकचा. पिट्यूटरीला मागे खेचतं ते कॉर्टिसॉल. अल्डोस्टेरॉन नाही आणि डीएचईएही नाही. त्यामुळे कॉर्टिसॉल कमी पडलं की एसीटीएच वाढतं, मग बाकीच्या हॉर्मोन्सची पातळी काहीही असो. पुढची केस समजायला हे वाक्य लागणार आहे.

एक केस नीट उलगडून दाखवाल का?

१२ दिवसांचं बाळ, मुलगा, पूर्ण दिवसांचा. जन्मवजन ३.१ किलो, आता २.६ किलो. तीन दिवस उलट्या, दूध ओढत नाही, मलूल पडलेला. सोडियम ११९, पोटॅशियम ७.३ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, ग्लुकोज ४२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. रक्तात ॲसिडोसिस. वृषणकोशाची त्वचा जरा जास्तच काळसर.

उलट्या करणारं लहान बाळ म्हटलं की पायलोरिक स्टेनोसिस आठवतो. पण त्यात पोटातलं आम्ल बाहेर जातं, म्हणून अल्कलोसिस होतो आणि पोटॅशियम सहसा कमी असतं. इथे दोन्ही उलट आहे. एवढ्यावरून लक्ष पोटाकडून ॲड्रीनलकडे वळायला हवं.

आता थरांप्रमाणे वाचा. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, ॲसिडोसिस: अल्डोस्टेरॉन नाही, म्हणजे ग्लोमेरुलोसाचं काम अडलंय. साखर कमी: कॉर्टिसॉल नाही, म्हणजे फॅसिक्युलाटाचंही अडलंय. कॉर्टिसॉल नसल्याने सोडियम आणखी घसरतं, कारण एडीएचवरचा त्याचा लगाम सुटतो आणि शरीर पाणी धरून ठेवतं. त्वचेचा काळेपणा सांगतो की एसीटीएच खूप वाढलेलं आहे, म्हणजे पिट्यूटरी ठीक आहे आणि दोष ॲड्रीनलमध्ये आहे.

दोन थरांत एकाच वेळी अडचण आणणारं एंझाइम कोणतं? आकृती समोर ठेवा. अल्डोस्टेरॉन सिंथेज नव्हे, ते फक्त ग्लोमेरुलोसात असतं. १७-हायड्रॉक्सिलेज नव्हे, ते गेलं तर अल्डोस्टेरॉनची वाट अडत नाही. डाव्या आणि मधल्या स्तंभात सामाईक असलेल्या एंझाइम्सपैकी सगळ्यात जास्त वेळा बिघडणारं आहे २१-हायड्रॉक्सिलेज. जन्मजात ॲड्रीनल हायपरप्लेसियाच्या ९० टक्क्यांहून जास्त केसेस याच्याच.

हे सिद्ध करण्यासाठी अडथळ्याच्या अगदी वरचा पदार्थ मोजतात: १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळात या वयात ते सहसा २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असतं. मीठ गमावणाऱ्या प्रकारात ते १०,००० च्याही वर जातं. इथे दोन गोष्टी फसवतात. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत घेतलेला नमुना निरोगी बाळातही जास्त येतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळात आकडा रोग नसतानाही चढलेला असू शकतो. आपलं बाळ पूर्ण दिवसांचं आणि १२ दिवसांचं आहे. आजारपणाने आकडा थोडा चढू शकतो, पण दहा हजारांवरच्या आकड्याचं स्पष्टीकरण तेवढ्याने होत नाही.

या बाळाला लगेच काय देतात आणि का?

शिरेतून ०.९ टक्के सलाइन, ग्लुकोज आणि हायड्रोकॉर्टिसोन. हायड्रोकॉर्टिसोनचा पहिला डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५० ते १०० मिलिग्रॅम. नवजात बाळात तो साधारण २५ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. शक्य असेल तर हॉर्मोनसाठी रक्त आधी काढून ठेवतात, पण त्या रिपोर्टसाठी उपचार थांबवत नाहीत. पोटॅशियम ७ च्या वर असल्याने ईसीजी लावावा लागतो आणि सलाइनमध्ये पोटॅशियम घालत नाहीत.

इथे विद्यार्थी हमखास विचारतात की अल्डोस्टेरॉन नाही तर फ्लुड्रोकॉर्टिसोन लगेच का नको? कारण एवढ्या मोठ्या डोसमध्ये हायड्रोकॉर्टिसोन स्वतःच मिनरलोकॉर्टिकॉइडचं काम भागवतं. २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लुड्रोकॉर्टिसोनइतकं मीठ धरतं. डोस रोजच्या पातळीवर उतरला की फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि तान्ह्या बाळात वरून मीठ, दोन्ही सुरू करतात. डेक्सामेथासोनमध्ये मीठ धरण्याची क्षमता जवळजवळ शून्य असते, त्यामुळे या बाळात ते हायड्रोकॉर्टिसोनची जागा घेऊ शकत नाही.

हेच बाळ मुलगी असती तर?

मग बहुधा जन्मालाच शंका आली असती. कॉर्टिसॉल नाही, म्हणून एसीटीएच जास्त, म्हणून ग्रंथी सुजलेली आणि साचलेला माल अँड्रोजनच्या वाटेला. हे सगळं गर्भातच सुरू झालेलं असतं, त्यामुळे मुलीच्या बाह्य जननेंद्रियांची ठेवण मुलासारखी होऊ लागते: क्लिटोरिस मोठा, लेबिया एकमेकांना चिकटलेल्या. गर्भाशय आणि बीजांडं मात्र व्यवस्थित असतात. म्युलेरियन नलिका नाहीशी करणारं हॉर्मोन वृषणातून येतं आणि वृषण तर नाहीतच.

मुलात जन्मतः फारसं काही वेगळं दिसत नाही. म्हणूनच तो निदान न होता घरी जातो आणि पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात कोसळतो. जिथे नवजात बाळांच्या टाचेच्या रक्तावर १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची तपासणी करतात, तिथे हा धोका बराच टळतो.

एंझाइम तेच बिघडलेलं, तरी काही मुलं मीठ गमावत नाहीत. हे कसं?

दोन हॉर्मोन्सच्या प्रमाणात याचं उत्तर आहे. प्रौढ माणूस दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवतो. अल्डोस्टेरॉन लागतं फक्त ०.१ ते ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे शंभरपट कमी. त्यामुळे २१-हायड्रॉक्सिलेज पूर्ण बंद न पडता एक-दोन टक्के जरी चालू राहिलं, तरी पुरेसं अल्डोस्टेरॉन निघतं. कॉर्टिसॉल मात्र तेवढ्यावर भागत नाही. मग एसीटीएच वाढतं, अँड्रोजन वाढतात, पण मीठ टिकतं. याला साधा व्हिरिलायझिंग प्रकार म्हणतात. एंझाइम आणखी जास्त शिल्लक असेल तर त्रास उशिरा दिसतो: लहान वयात प्यूबिक केस, तरुणपणी मुरुम, अनियमित पाळी.

कॉर्टिसॉल इतकं जास्त असतं, तर ते किडनीत अल्डोस्टेरॉनची जागा का घेत नाही?

रिसेप्टरला दोन्ही सारखीच चिकटतात, हे खरं आहे. पण किडनीच्या त्या पेशींत ११-बीटा-एचएसडी-२ हे एंझाइम राखणीला असतं. ते कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं आणि कॉर्टिसोन त्या रिसेप्टरला चिकटत नाही. ज्येष्ठमधातलं ग्लायसिऱ्हिझिक ॲसिड हे एंझाइम दाबतं. म्हणून ते फार दिवस आणि फार प्रमाणात पोटात गेलं की रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घसरतं आणि तरीही रक्तातलं अल्डोस्टेरॉन कमीच सापडतं.

११-बीटा-हायड्रॉक्सिलेज बिघडलं तर रक्तदाब वाढतो. मीठ का जात नाही?

कारण अडथळा एक पायरी खाली सरकला. २१-हायड्रॉक्सिलेज चालू आहे, त्यामुळे डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन बनतं आणि साचतं. ते अल्डोस्टेरॉनपेक्षा सौम्य असलं तरी मीठ धरतं, आणि इथे ते प्रचंड प्रमाणात असतं. सोडियम धरलं जातं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. अँड्रोजन मात्र आधीच्या केससारखीच वाढतात.

यातला बारकावा तोंडी परीक्षेत विचारतात. ग्लोमेरुलोसातलं अल्डोस्टेरॉन सिंथेज इथे शाबूत आहे, तरीही अल्डोस्टेरॉन कमी का? मीठ आधीच धरलं गेल्याने रेनिन दबलेलं असतं. एंझाइम तयार आहे, पण त्याला कामाला लावणारा अँजिओटेन्सिन-२ नाही.

१७-हायड्रॉक्सिलेज गेलं तरी रक्तदाब याच कारणाने वाढतो, पण तिथे अँड्रोजन बनतच नाहीत. एक पाहा: या रुग्णांत कॉर्टिसॉल नसूनही ॲड्रीनल क्रायसिस सहसा होत नाही, कारण साचलेलं कॉर्टिकोस्टेरॉन ग्लुकोकॉर्टिकॉइडचं काम बऱ्यापैकी भागवतं.

डीएचईए-एसचं शरीरात काम काय?

स्वतः ते फार दुबळं अँड्रोजन आहे. इतर ऊतींमध्ये त्यातून टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन तयार होतात. पुरुषात वृषणापुढे याचं महत्त्व थोडं, पण स्त्रीच्या काखेतल्या आणि प्यूबिक केसांसाठी ते मोलाचं. रेटिक्युलॅरिस जन्मतः जवळपास नसतो. तो साधारण ६ ते ८ वर्षांच्या वयात जागा होतो, यालाच ॲड्रीनार्की म्हणतात. डीएचईए-एस विशीत कळसाला पोहोचतं आणि वयाबरोबर उतरत जातं. कॉर्टिसॉल तसं उतरत नाही, यावरूनही हे दोन थर वेगळे चालतात हे दिसतं.

बरेच महिने प्रेडनिसोलोन घेतलेल्या रुग्णाने ते अचानक बंद केलं. त्याचं पोटॅशियम वाढेल का?

सहसा नाही. बाहेरच्या स्टेरॉइडने एसीटीएच दाबलं, म्हणून फॅसिक्युलाटा आणि रेटिक्युलॅरिस आकसले. ग्लोमेरुलोसा रेनिन आणि पोटॅशियमवर चालतो, तो शाबूत आहे. या रुग्णाला थकवा, कमी रक्तदाब, कमी साखर, एडीएचमुळे थोडं कमी सोडियम हे सगळं होऊ शकतं, पण पोटॅशियम बहुतेकदा सामान्य राहतं आणि त्वचा काळवंडत नाही.

ॲडिसन्स डिसीजमध्ये ग्रंथीच नष्ट होते. तिन्ही थर जातात, एसीटीएच चढतं, म्हणून पोटॅशियम जास्त आणि हाताच्या रेषा, हिरड्या काळ्या. त्याला हायड्रोकॉर्टिसोनबरोबर फ्लुड्रोकॉर्टिसोनही लागतं, प्रेडनिसोलोनवाल्या रुग्णाला फक्त ग्लुकोकॉर्टिकॉइड. दोघांनाही २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचून ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसॉल मोजलं, तर दोघांतही ते नीट वाढत नाही, कारण आकसलेला फॅसिक्युलाटा लगेच प्रतिसाद देऊ शकत नाही. म्हणून ही चाचणी एकटी पुरत नाही. फरक कळतो तो त्याच वेळी काढलेल्या एसीटीएच, रेनिन आणि अल्डोस्टेरॉनच्या आकड्यांवरून.